आठ वर्षं नोकरी, पण पॉइंट्स सहाच वर्षांचे: असं का?

ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारा माझा एक कॉलेजचा मित्र मागच्या वर्षी म्हणाला, "माझा आठ वर्षांचा अनुभव झाला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पीआरला अनुभवाचे पूर्ण १५ पॉइंट्स." हिशोब सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. तो कुठे चुकला हे समजलं की स्किल असेसमेंट म्हणजे नेमकं काय, हेही समजतं. रिसर्चला जायचा विचार करणाऱ्यांनी तर हे आधीच पाहून ठेवावं.

इथे दोन वेगळी दारं आहेत. पहिलं दार तुमच्या व्यवसायाच्या असेसमेंट संस्थेचं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ती ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस. इंजिनिअरांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया. दुसरं दार तिथल्या गृहखात्याचं, जे पॉइंट्स मोजतं. पहिल्या दाराशी प्रश्न असतो, "हा माणूस या व्यवसायात कुशल आहे का, आणि कधीपासून?" त्यातला 'कधीपासून' हाच कळीचा शब्द.

एसीएसच्या मते नुसती डिग्री घेऊन कोणी कुशल होत नाही. डिग्री आयटीची आणि निवडलेल्या व्यवसायाशी जवळची असेल, तर गेल्या दहा वर्षांतली दोन वर्षांची नोकरी 'कुशल होण्यात' खर्ची पडते. डिग्री आयटीची आहे पण व्यवसायाशी तितकी जुळत नाही, तर चार वर्षं जातात. पॉइंट्स मिळतात ते त्यानंतरच्या अनुभवाला. एकच वर्ष दोनदा वापरता येत नाही.

आता मित्राचा हिशोब मांडू. मुंबई विद्यापीठाची बी.ई. कॉम्प्युटर, जुलै २०१७ पासून सलग नोकरी, हिशोबाची तारीख जुलै २०२५. दोन वर्षं वजा केली की मोजणी जुलै २०१९ पासून सुरू होते, म्हणजे सहा वर्षं. परदेशातल्या अनुभवाला तीन वर्षांपासून ५, पाच वर्षांपासून १० आणि आठ वर्षांपासून १५ पॉइंट्स असतात. म्हणून त्याला १०.

बाकीचं असं: वय २९, त्याचे ३०. आयईएल्टीएसमध्ये प्रत्येक भागात किमान ७, त्याचे १०. बी.ई.चे १५. अविवाहित असल्याचे १०. एकूण ७५. तो धरून बसला होता ८०. किमान मर्यादा ६५ आहे, मग पाचाने काय बिघडतं? बिघडतं ते असं: ८० चा दावा करून आमंत्रण मिळालं आणि तपासणीत ७५ च भरले, तर व्हिसा नाकारला जातो. फीही जाते.

कागदांचंही तसंच. एचआर जे दोन ओळींचं 'अमुक काळ काम केलं' पत्र देतं, ते पुरत नाही. पत्रात कामाचं स्वरूप, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, फुल टाइम की पार्ट टाइम, हे सगळं लागतं. कंपनी देत नसेल तर सोबत काम केलेल्या सीनिअरकडून नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट घेता येतं. स्वतःचं स्वतः लिहिलेलं चालत नाही. शिवाय पगार आला याचा पुरावा हवा: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफचं स्टेटमेंट.

आता आपल्या कामाचा भाग. शिक्षणाचे पॉइंट्स फक्त सर्वांत वरच्या पात्रतेला मिळतात. बॅचलर १५, मास्टर्सही १५, डॉक्टरेट २०. म्हणजे बी.ई.नंतर इथे केलेल्या एम.ई.ने शून्य वाढतं, आणि इथल्या पीएच.डी.ने पाच. त्या चार-पाच वर्षांत नोकरीचा अनुभव मात्र थांबतो. अनुभव म्हणजे आठवड्याला किमान २० तासांचं, पगारी, त्याच व्यवसायातलं काम. फेलोशिपवर काढलेल्या वर्षांना फॉर्म १६ नसतो नि पीएफही नसतो, म्हणून स्वतःचा हिशोब करताना तिथे शून्यच धरा. तीच पीएच.डी. विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा आयटीच्या ठरावीक विषयांत ऑस्ट्रेलियात केली, तर २० च्या वर विशेष शिक्षणाचे १० आणि तिथे शिकल्याचे ५ मिळतात.

म्हणून पीएच.डी. करू नये असं मी म्हणत नाही. मीही करतोच आहे. पण पॉइंट्ससाठी इथे करत असाल, तर गणित जमत नाही.

मित्राचं पुढे काय? जुलै २०२७ ला त्याची मोजणीतली आठ वर्षं भरतील आणि तेव्हा खरोखर ८० होतील. ऑगस्ट २०२८ मध्ये तो ३३ चा होईल आणि वयाचे पाच कमी होतील. म्हणजे त्याच्या हातात साधारण तेरा महिने आहेत. तुमची ही खिडकी कधी उघडते नि कधी बंद होते, ते आजच कागदावर मांडा, आणि अर्जाच्या दिवशी चालू नियम पुन्हा एकदा वाचा.