वाचनालयाच्या उद्घाटनासाठी वसंततिलका

वाचनालयाच्या उद्घाटनाला म्हणायची कविता अक्षरगणवृत्तात रचायची असेल, तर वृत्त ठरवण्याआधी त्या संस्थेचे नाव तपासावे लागते. अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर लघु की गुरु हे पाहतात आणि दोहोंचा क्रम ओळीगणिक तोच राहतो. ‘वाचनालय’ या शब्दाचा क्रम गुरु-लघु-गुरु-लघु-लघु असा आहे. भुजंगप्रयातात लघु नेहमी एकटा आणि गुरु जोडीने येतो, म्हणून हा शब्द त्यात बसतच नाही. वसंततिलकेत मात्र तो सहज बसतो.

वसंततिलकेच्या प्रत्येक चरणात 14 अक्षरे असतात आणि चार चरणांचा एक श्लोक होतो. त, भ, ज, ज हे चार गण आणि शेवटी दोन गुरु अशी तिची बांधणी आहे. गण ओळखण्यासाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करतात. ज्या गणाचे नाव हवे त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरे घेतली की त्याचा क्रम मिळतो. ‘ताराज’ म्हणजे दोन गुरु आणि एक लघु, ‘भानस’ म्हणजे एक गुरु आणि दोन लघु, तर ‘जभान’ म्हणजे लघु, गुरु, लघु. त्यावरून पूर्ण चरणाची चाल अशी येते: गा गा ल गा ल ल ल गा ल ल गा ल गा गा.

ह्रस्व स्वराचे अक्षर लघु आणि दीर्घ स्वराचे गुरु असते. स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार असलेले अक्षर गुरु होते. पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो तेही गुरु होते, म्हणून ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरु आहे. ‘तुम्ही’मधल्या ‘तु’वर मात्र असा आघात येत नाही, म्हणून तो लघुच राहतो.

‘हे वाचनालय आज उघडे झाले’ ही ओळ बोलण्यात ठीक वाटते. वसंततिलकेत तिची पहिली सहा अक्षरे जुळतात, पण सातव्या जागी लघु हवा असताना ‘आज’मधला ‘आ’ येतो आणि म्हणणारा तिथेच अडखळतो. ‘आज’ काढून ‘नवे’ घातले की सातव्या जागी ‘न’ आणि आठव्या जागी ‘वे’ येतो आणि चाल पुढे सरकते. या दुरुस्तीनंतर पूर्ण श्लोक असा करता येईल:

हे वाचनालय नवे उघडे मुलांना
लाभे निवांत बसणे जरठां जनांना
येथे न जात पुसती, न कुणा घराणे
वाचून रोज बनती सगळे शहाणे

‘जरठां जनांना’ म्हणजे वृद्धांना. भाषेला औपचारिक वळण देण्यासाठी असा एखादा जुना शब्द पुरतो. सगळा श्लोक अशा शब्दांनी भरला, तर मुलांसाठी उघडलेल्या वाचनालयाची कविता मुलांनाच कळत नाही. शेवटच्या चरणात ‘सगळे’च्या जागी ‘जन हे’ घातले तरी वृत्त साधते, पण ‘हे’ तिथे केवळ जागा भरतो. एखादा शब्द काढून अर्थ अभंग राहतो का, हे पाहिले की अशी भरती ओळखता येते. पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावे क्रमात क्वचितच बसतात. ती ओढून बसवली की ओळी वाकतात, म्हणून आभार गद्यातच मानलेले बरे.

वृत्तात बसलेली ओळही व्यासपीठावर बिघडू शकते. बोलताना मराठी माणूस ‘वाचनालय’मधला ‘च’ आणि ‘य’ जवळजवळ गिळतो, पण वृत्त प्रत्येक अक्षराची पूर्ण जागा धरते. बातमी वाचल्यासारखी ओळ वाचली, तर 14 अक्षरांची 12 होतात आणि चाल तुटते. म्हणून म्हणणाऱ्याच्या कागदावर गिळली जाणारी अक्षरे अधोरेखित करतात आणि आधी एकदा टाळीच्या ठेक्यावर म्हणून घेतात.

संस्थेच्या पाटीवर ‘ग्रंथालय’ असेल, तर वृत्त बदलावे लागते. या शब्दात दोन गुरूंनंतर लगेच दोन लघु येतात आणि वसंततिलकेत असा जोड कुठेच नाही. ‘ग्रंथालया’ असे रूप करून तो चरणाच्या आरंभी आणता येतो. मूळ रूपच हवे असेल, तर 19 अक्षरांचे शार्दूलविक्रीडित घ्यावे. ‘हे ग्रंथालय’ हा त्याचा आरंभ म्हणून चपखल बसतो आणि बाराव्या अक्षरानंतरच्या यतीमुळे म्हणणाऱ्याला श्वास घेता येतो. मात्र मंगलाष्टके याच वृत्तात म्हटली जातात. त्याच चालीवर श्लोक म्हटला की श्रोत्यांना लग्नमंडप आठवतो, म्हणून तो वेगळ्या चालीत किंवा संथ पठणात म्हणावा लागतो.