ऋणनिर्देशाचे पान

प्रबंधात सर्वांत शेवटी लिहिले जाणारे आणि बहुधा सर्वांआधी वाचले जाणारे पान म्हणजे ऋणनिर्देश. पेशवाईवर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने त्या पानावर अकरा नावे मांडली होती : कुणाचे ‘बहुमोल मार्गदर्शन’, कुणाचे ‘मोलाचे सहकार्य’, आणि अखेरीस ‘दफ्तरखान्यातील कर्मचाऱ्यांचेही आभार’.

मी म्हटले, “नावांची अदलाबदल करून पाहा.” त्याने केली, एकही वाक्य खोटे ठरेना! जे वाक्य कोणालाही लागू पडते, त्यात ऋण कसले?

मग प्रत्येक नावापुढे मी एकच प्रश्न ठेवला : हे गृहस्थ भेटले नसते, तर प्रबंधात काय उणे राहिले असते? तेव्हा त्याला दफ्तरखान्यातले वृद्ध कारकून आठवले, आणि शेवटची ओळ त्याने त्यांच्या नावानिशी अशी लिहिली :

“एका मोडी पत्राच्या शुहूर सनातील ‘सबैन’, म्हणजे सत्तर, हा शब्द मी ‘तिसैन’, म्हणजे नव्वद, असा वाचला होता. यांनी तो दुरुस्त केला. पत्र वीस वर्षे मागे, १७७१-७२ मध्ये गेले; त्यातील माधवराव सवाई नसून थोरले ठरले, आणि माझे तिसरे प्रकरण मी नव्याने लिहिले. वाचनात उरलेल्या चुका माझ्या.”

अकरांपैकी सहा जणांविषयी असे काही सांगता आले. उरलेल्या पाचांची नावे त्याने साध्या एका ओळीत, विशेषणांवाचून ठेवली. तेही खरेच होते.