तहान लागत नाही, पण पाणी कमी पडतं

१९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधासा प्रयोग छापून आला. सात तरुण आणि सदुसष्ट ते पंच्याहत्तर वयाचे सात पुरुष, सगळे ठणठणीत, चोवीस तास पाण्याविना ठेवले गेले. मग त्यांच्यासमोर पाणी आलं. तरुणांनी ते घटाघटा प्यायलं. थोरल्या मंडळींच्या रक्तात मात्र क्षारांचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त वाढलेलं असूनही त्यांना तहान कमी जाणवली, आणि पाणी हवं तेवढं मिळूनही त्यांनी थोडंच घेतलं. ही माणसं आजारी नव्हती, हे विशेष. रक्त घट्ट होऊ लागलं की मेंदूकडून येणारी तहानेची सूचना वयाबरोबर क्षीण होते, हे त्यातून दिसलं.

दुसरी बाजू मूत्रपिंडाची. पाणी कमी पडलं की तरुण मूत्रपिंड लघवी दाट करून पाणी राखून ठेवतं. म्हातारपणी त्याचं हे कसब उणावतं. शरीरातला पाण्याचा मूळ साठाही घटलेला असतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, एखाद्या दिवशी जुलाब झाले किंवा मे महिन्याचं ऊन तापलं, तर दोन दिवसांतही तोल बिघडू शकतो.

घरच्यांच्या लक्षात मात्र तो उशिरा येतो. अकोल्यातल्या एका घरातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी डोळ्यांसमोर आणा. नेहमी पहाटे उठून देवपूजा करणाऱ्या आजी दोन दिवस सकाळी लोळून राहतात. नातीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारतात. खाटेवरून उठताना भिंतीचा आधार शोधतात. पोट साफ होत नाही म्हणतात, आणि बाथरूमच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात. घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं: ऊन आहे, वय झालं, आता विसरायचंच. सगळ्या खुणा एकत्र ठेवून कुणी पाहत नाही.

अशा वेळी बहुतेक जण हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहतात. लहान मुलांत ही खूण उपयोगी पडते. वृद्धांची कातडी पाणी पुरेसं असतानाही सैल असते, त्यामुळे ती फसवते. कोरडं तोंड औषधांमुळे किंवा तोंडाने श्वास घेण्यानेही होतं. लघवीचा रंगही भरवशाचा नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती गर्द पिवळी होते, तर लघवीच्या गोळीने पाणी कमी असतानाही फिकी राहू शकते. यातल्या एका खुणेवर निदान करता येत नाही, असं या चाचण्या तपासून पाहणाऱ्या अभ्यासांतूनही दिसलं आहे. खात्री रक्ततपासणीतूनच होते.

मग घरी काय पाहायचं? त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात एक-दोन दिवसांत झालेला फरक. नवी गुंगी, नवा गोंधळ, उभं राहताना चक्कर, तोल जाणं. सोबत वजनकाटा ठेवा. आठवड्यातून दोनदा सकाळी, लघवी करून आल्यावर, सारख्याच कपड्यांत वजन घेऊन कॅलेंडरवर लिहायचं. चरबी दोन-तीन दिवसांत फारशी उतरत नाही. आजींचं वजन सोमवारी बावन्न किलो आणि गुरुवारी साडेपन्नास भरलं, तर गेलेला दीड किलो बहुतांशी पाणीच, म्हणजे जवळपास दीड लिटर. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर बसून आणि मग उभं राहून मोजता येतं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते डॉक्टरांना कळवावं. औषधांमुळेही असं होतं, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्ध स्त्रियांसाठी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेय सुचवली आहेत. यात चहा, दूध, ताकही धरायचं. चहाने शरीर सुकतं हा समज रोजच्या दोन-चार कपांना लागू होत नाही. आपल्या उन्हाळ्यात गरज याहून वाढते. हृदयाचा पंप कमजोर असलेल्यांना आणि काही मूत्रपिंडविकारांत मात्र डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातलेली असते. तिथे तीच मर्यादा पाळायची.

आता आजींचा हिशेब करू. दोन कप चहा, २०० मिलि. तीन वेळा गोळ्यांसोबत घोट-दोन घोट, १५०. दोन जेवणांना मिळून ३००. दुपारी वाटीभर ताक, १५०. बेरीज ८००, गरजेच्या निम्मी. पुढ्यात तांब्या ठेवून “हे संपवा” म्हटलं तर तो संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. त्यापेक्षा घरातलं फुलपात्र एकदा मोजून घ्यावं. ते १५० मिलिचं असेल तर गोळ्या घोटभर पाण्याऐवजी भरल्या फुलपात्राबरोबर दिल्या की ३०० वाढले. उठल्यावर एक कोमट फुलपात्र, अकराला ताक किंवा लिंबूपाणी, दुपारी चारला कोकम सरबत, हे ४५०. जेवणात पन्नास मिलिची भर घातली की १.६ लिटर होतात. मधुमेह असेल तर सरबतात साखर नको, रक्तदाब असेल तर ताकात मीठ बेताचं.

नकारामागे बहुधा वेगळंच कारण असतं. गुडघे दुखतात, संडास भारतीय पद्धतीचा आहे, रात्री अंधारात जायची भीती वाटते, प्रवासात कुठे जायचं हा प्रश्न असतो, कपडे ओले होतील याची लाज वाटते. म्हणून पाणी टाळलं जातं, आणि ते कारण सुनेला किंवा मुलाला सांगितलं जात नाही. अशा घरी उपदेशापेक्षा भिंतीला धरायचा दांडा, रात्रीचा दिवा आणि खाटेजवळचं भांडं जास्त उपयोगी पडतं. बहुतेक पेय संध्याकाळी सहाच्या आत द्यावीत, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या कमी होतील. लघवीची गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. ती स्वतःहून बंद करू नये.

“आई, पाणी प्यालीस का?” याचं उत्तर हमखास “हो, प्याले” येतं. “ताक देऊ की सरबत?” असं विचारलं की निवड करावी लागते. स्वतःचा कप घेऊन शेजारी बसलं तर गप्पांच्या ओघात प्यायलंही जातं. स्मृतिभ्रंश असलेल्यांना स्टीलच्या भांड्यातलं पाणी नीट दिसत नाही, असंही होतं. एका अभ्यासात अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांना ठळक रंगाच्या कपांतून पेय दिल्यावर ती लक्षणीयरीत्या जास्त घेतली गेली. पक्षाघातानंतर पाण्याने ठसका लागत असेल तर मात्र आग्रह थांबवावा आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

जुलाब-उलट्यांत ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ढवळलं की क्षारांचं प्रमाण चुकतं. माणूस जागं राहत नसेल, अचानक बडबडू लागलं असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, उलट्यांमुळे पोटात काही टिकत नसेल किंवा उन्हात अंग तापून भ्रम झाला असेल, तर चमच्याने पाणी पाजत न बसता लगेच दवाखाना गाठावा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि वजनाची नोंद असलेलं कॅलेंडरचं पान बरोबर न्यावं. सोडियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का, कोणती गोळी काही दिवस थांबवायची, हे ठरवताना डॉक्टरांना ते दोन्ही लागतात.