लख्ख आठवतंय, पण तसं घडलंच नव्हतं

२८ जानेवारी १९८६, मंगळवार. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून ‘चॅलेंजर’ अंतराळयान झेपावलं आणि ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं. यानातले सातही जण गेले. त्यांत ख्रिस्टा मकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका होती, त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये मुलं वर्गात बसून ते उड्डाण टीव्हीवर पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तास संपता संपता एक प्रश्नावली वाटली गेली. बातमी तुम्हाला कशी कळली ते लिहा, एवढंच सांगितलं होतं. मग खाली मोजके प्रश्न होते. तेव्हा तुम्ही कुठे होता? काय करत होता? कुणी सांगितलं? किती वाजले होते? सोबत कोण होतं? १०६ विद्यार्थ्यांनी कागद भरून दिले. दुर्घटना घडून तोवर चोवीस तासही झाले नव्हते.

कागद वाटण्यामागे अल्रिक नायसर हे मानसशास्त्रज्ञ होते. या उठाठेवीचं मूळ त्यांच्या स्वतःच्या एका आठवणीत होतं. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर तेरा वर्षांचे होणार होते. आपण दिवाणखान्यात बसून रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन ऐकत होतो, तेवढ्यात ते थांबवून हल्ल्याची बातमी दिली गेली आणि आपण आईला सांगायला धावत वर गेलो, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे कायम होतं. त्यात काही चुकतंय हे ध्यानात यायला त्यांना कित्येक वर्षं लागली. अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉलचे सामने होतच नाहीत!

अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ हे नाव रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या संशोधकांनी १९७७ साली दिलं. फोटो काढताना जुन्या कॅमेऱ्याचा दिवा क्षणभर लख्खकन पेटायचा आणि समोरचं सगळं फिल्मवर उमटायचं, तसंच धक्कादायक बातमीने मेंदूत होतं, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी ऐंशी अमेरिकनांना केनेडींच्या हत्येबद्दल विचारलं तेव्हा एक सोडून सगळ्यांनी ती बातमी कळण्याचा प्रसंग तपशिलासह सांगितला. पण बातमी कळली त्या वेळी कुणी काय सांगितलं होतं, याची नोंद कुणाकडेच नव्हती. आठवणी ठसठशीत होत्या. त्या खऱ्या होत्या की नाही, हे ताडून पाहायला हाताशी काहीच नव्हतं. नायसरांनी दुसऱ्याच दिवशी कागद भरून घेतले ते म्हणूनच.

पुढची अडीच वर्षं ते कागद तसेच ठेवून दिले होते. १९८८च्या शरद ऋतूत नायसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी त्या १०६ जणांपैकी विद्यापीठात अजून शिकत असलेल्या ४४ जणांना गाठलं आणि तीच प्रश्नावली पुन्हा दिली. प्रत्येक उत्तराची आपल्याला किती खात्री आहे, हेही पाचपैकी गुण देऊन सांगायचं होतं.

दुसऱ्या खेपेला एका विद्यार्थिनीने लिहिलं, की ती वसतिगृहातल्या खोलीत मैत्रिणीसोबत टीव्ही पाहत होती. मध्येच बातमी झळकली, दोघी हादरल्या. मग ती वरच्या मजल्यावर एका मित्राशी बोलायला गेली आणि नंतर तिने आईवडिलांना फोन केला. प्रसंग नेटका होता आणि तिला त्याची खात्री होती.

तिच्याच हस्ताक्षरातला १९८६चा कागद मात्र वेगळं सांगत होता. ती धर्मविषयाच्या तासाला बसली होती, तेव्हा काही जण वर्गात आले आणि यानाबद्दल बोलू लागले. यान फुटलं आणि त्या शिक्षिकेचे विद्यार्थी ते पाहत होते, यापलीकडे तिला काही कळलं नव्हतं. तास संपल्यावर ती खोलीवर गेली आणि बाकीचा तपशील तिने टीव्हीवर पाहिला.

हे काही एकटीचं झालं नव्हतं. जागा, काम, सांगणारा, वेळ आणि सोबतची माणसं यांच्या जुळणीवर संशोधकांनी सातपैकी गुण दिले, तेव्हा ४४ जणांची सरासरी तीनच्याही खाली आली. अकरा जणांना शून्य मिळालं. सातपैकी सात मिळवणारे तिघेच निघाले. याउलट खात्रीची सरासरी पाचपैकी चारच्या वर होती, आणि खात्री जास्त म्हणून उत्तर बरोबर असं काही दिसलं नाही. याआधी अशी प्रश्नावली भरल्याचं तर ४४ पैकी अकराच जणांना आठवत होतं.

पुढच्या वसंतात संशोधकांनी त्यांतल्या बहुतेकांच्या मुलाखती घेतल्या. आधी आडून आडून सूचना दिल्या, मग त्यांचा जुना कागदच समोर ठेवला. ते चकित झाले, पण कागद वाचून मूळ प्रसंग आठवला असं कुणाचंच झालं नाही. पहिली आठवण मागे कुठेतरी दडलेली नव्हती. ती पुसली गेली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती.

ही दुसरी आठवण येते कुठून? त्या विद्यार्थिनीचे दोन्ही कागद शेजारी ठेवले की धागा सापडतो. तिने टीव्ही खरोखरच पाहिला होता, खोलीही खरी होती. फक्त हे सगळं बातमी कळल्यानंतरचं होतं. मेंदूने खोटं दृश्य रचलं नाही, खऱ्याच दृश्याची जागा बदलली आणि नंतरचा तुकडा आरंभाला नेऊन ठेवला. टीव्हीचं पारडं जड का झालं, हेही समजण्यासारखं आहे. वर्गात कुणीतरी बोललेली दोन वाक्यं एकदाच कानावर पडली. यान फुटल्यावर धुराचे दोन फाटे फुटतानाचं चित्र मात्र पुढचे कित्येक दिवस पुन्हा पुन्हा दाखवलं जात होतं. पहिल्या खेपेला ४४ पैकी ९ जणांनी बातमी टीव्हीवरून कळल्याचं लिहिलं होतं. अडीच वर्षांनी तसं म्हणणारे १९ झाले.

सरकलेल्या तुकड्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका राष्ट्राध्यक्षांचं आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी जॉर्ज बुश फ्लोरिडातल्या सारासोटा इथल्या एका प्राथमिक शाळेत होते. त्या डिसेंबरमध्ये एका सभेत त्यांनी सांगितलं, की वर्गात जाण्यापूर्वी त्यांनी पहिलं विमान मनोऱ्यावर आदळताना टीव्हीवर पाहिलं आणि हा वैमानिक किती वाईट असेल असं त्यांच्या मनात आलं. पहिल्या धडकेचं चित्रण त्या घडीला कोणत्याही वाहिनीवर नव्हतं. ते नंतर प्रसारित झालं. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका मुलाखतीत त्यांनी वेगळंच सांगितलं: पहिल्या विमानाची बातमी त्यांना सल्लागार कार्ल रोव्ह यांच्याकडून कळली होती. कटाच्या गोष्टी रचणाऱ्यांनी या विसंगतीवरून बरंच काही पिकवलं. पण कॅथी पेझडेक यांनी काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश जणांनी पहिली धडक त्याच दिवशी टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं. त्यांच्याविरुद्ध कट केल्याचा संशय कुणी घेतला नाही.

११ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी ड्यूक विद्यापीठात आणखी एक प्रयोग सुरू झाला. जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून हल्ल्याची बातमी कळल्याची आठवण लिहून घेतली आणि जोडीला त्याच दिवसांतली एखादी साधी आठवणही घेतली, सहलीची किंवा समारंभाची असावी तशी. मग कुणाला एका आठवड्याने, कुणाला सहा आठवड्यांनी, तर कुणाला बत्तीस आठवड्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणींमधले तपशील सारख्याच वेगाने बदलत गेले. साध्या आठवणीबाबत मात्र ती धूसर होतेय हे विद्यार्थ्यांना जाणवत होतं. हल्ल्याची आठवण त्यांना पहिल्याइतकीच जिवंत वाटत राहिली. धक्क्याने आठवण टिकली नाही, टिकला तो तिच्यावरचा विश्वास.

भीती किंवा धक्का बसला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग कामाला लागतो आणि घटनेचा गाभा घट्ट बसायला मदत करतो. घटनेभोवतीच्या बारीकसारीक गोष्टींना तो तेवढं पक्कं धरत नाही. म्हणून यान फुटलं हे कुणी विसरत नाही, पण बातमी देणारं माणूस बदलू शकतं. त्यात अशा गोष्टी आपण पुन्हा पुन्हा सांगतो. दरवेळी थोडी जोडणी होते, आणि पुढच्या वेळी आठवते ती बऱ्याचदा मागच्या वेळी सांगितलेली गोष्ट.

विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी ११ सप्टेंबरच्या आठवणींचा दहा वर्षं माग काढला. हल्ल्यानंतरच्या आठवड्यात विविध शहरांतल्या तीन हजारांवर लोकांनी प्रश्नावली भरली होती. त्यात दिसलं, की बहुतेक पडझड पहिल्या वर्षातच होते. पुढे आठवण स्थिरावते, मग ती चुकीची असो वा बरोबर. विमानं किती होती, कुठे कोसळली, याबाबतच्या चुका वर्तमानपत्रं आणि चित्रपट पाहून सुधारत गेल्या. आपण कुठे होतो याच्या चुका तशाच राहिल्या, कारण त्या कुठल्याही वर्तमानपत्रात दुरुस्त होत नाहीत. सगळ्यात कमी जुळलं ते त्या वेळी आपल्याला काय वाटलं होतं, याबद्दलचं.

याला एक मर्यादा आहे. १९८९ साली कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, तेव्हा नायसर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांकडून आणि अटलांटातल्या लोकांकडून आठवणी लिहून घेतल्या. दीड वर्षाने तपासल्यावर ज्यांच्या पायाखालची जमीन हलली होती त्यांचं सांगणं जवळजवळ तंतोतंत जुळलं. घसरले ते दुरून बातमी ऐकणारे.

दुसऱ्या दिवशी लिहिलेला कागद नसेल, तर निदान वेळ ताडून पाहता येते. इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने त्यांच्या निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी, आणि बीबीसीने त्याआधीच दिली होती. सकाळच्या चहाला आकाशवाणीवर निधनाची बातमी ऐकल्याचं कुणाला आठवत असेल, तर दोन प्रसंग एकात मिसळले आहेत. चुकीचा तुकडा कोणता, हे अशाच एखाद्या वेळेवरून, ऋतूवरून किंवा जागेवरून ओळखू येतं.

नायसरांच्या बेसबॉलचंही असंच झालं. त्यांनी आपली चूक लेखात मांडल्यावर चार्ल्स टॉम्पसन आणि थॅडियस कोवन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९४१ची नोंद धुंडाळली. ७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सामना झाला होता आणि त्याचं प्रक्षेपण थांबवून हल्ल्याची बातमीही दिली गेली होती. तो सामना अमेरिकन फुटबॉलचा होता. खेळणारे संघ होते न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स, आणि नेमक्या याच नावांचे दोन प्रसिद्ध बेसबॉल संघ त्या काळी त्याच शहरात होते.