दहा गणितं, चूक मात्र एकच

जिल्हा परिषद शाळेचा चौथीचा वर्ग, पट 34. डी.एल.एड.ची आंतरवासिता करणारे दोन छात्राध्यापक मधल्या सुट्टीत गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले आहेत. वाद जुनाच आहे आणि असा वर्ग मिळालेल्या कुठल्याही जोडीत तो ऐकू येईल: रोजच्या गृहपाठाने मुलं शिकतात का?

ती म्हणते, "रोज हात फिरल्याशिवाय गणित बसत नाही. आपले पाढे कसे पाठ झाले? दिवेलागणीला परवचा म्हणूनच ना?"

"परवचा म्हणताना समोर आजी असायची," तो म्हणतो. "सात आठे चोपन्न म्हटलं की तिथल्या तिथे अडवायची. या वह्यांशेजारी काल कोण बसलं होतं?"

तो एक वही उघडून तिच्यापुढे सरकवतो. हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं, सुबक अक्षरात, समास आखून. पहिलंच 503 वजा 267, उत्तर 364. बरोबर उत्तर 236. मुलाने एककात 3 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 3 काढले, दशकात 6 मधून 0, शतकात 5 मधून 2. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक. पुढची नऊही याच रीतीने सोडवलेली.

याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. मुलाने मनाशी एक नियम बांधला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी 1978 साली वजाबाकीतल्या अशा 'पद्धतशीर' चुकांचा अभ्यास मांडला, त्यात ही चूक आहे. घरी दहा उदाहरणं करून या मुलाने चुकीचा नियमच घोटून पक्का केला.

"मग दोष गृहपाठाचा की न तपासण्याचा?" ती विचारते. प्रश्न रास्त आहे. पण एका वहीला दीड मिनिट धरलं तरी 34 वह्यांना 51 मिनिटं लागतात. म्हणजे एका तासिकेहून जास्त. मग लाल शाईची एक तिरपी रेघ, खाली सही, आणि वही परत.

संशोधन त्याच्या बाजूला थोडं झुकतं. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1987 ते 2003 या काळातले अमेरिकेतले अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये आढावा घेतला. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि यश यांचा संबंध ठळक दिसला, त्याखालच्या वर्गांत बराच क्षीण. इथे सावध राहायला हवं. ज्याला गणित जड जातं तो वहीवर जास्त वेळ बसतो, त्यामुळे नुसते तास मोजून गृहपाठाचा गुण कळत नाही.

तो केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाचाही दाखला देतो: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. ती लगेच हिशेब मांडते. "शाळेचे सहा दिवस धरले तर रोजची वीस मिनिटं झाली की! मला तेवढीही नकोत."

तिची योजना तीन उदाहरणांची आहे. एक आजचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक महिन्यापूर्वीचं. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवावं लागलं की ते जास्त टिकतं, हे स्मरणावरच्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. शिवाय आकडे निवडून द्यायचे. त्याच 503 वजा 267 चं उत्तर 364 आलं तर मूल मोठ्यातून लहान काढतंय. 336 आलं तर त्याने शून्याचे नऊ केले, पण शतकातला एक कमी करायला विसरलं. मग प्रत्येक वहीत पायऱ्या वाचत बसायला नको. हजेरी घेता घेता नुसती उत्तरं पाहून कोणाला पुन्हा दशक-एककाच्या काड्या आणि गठ्ठे द्यायचे ते कळतं.

हे त्याला पटतं. घरी द्यायचं मात्र पटत नाही. संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला तीन उदाहरणंही जड जातात. तीच शाळेच्या शेवटच्या दहा मिनिटांत का नकोत?

"कारण तेव्हा दुपारचं सगळं फळ्यावर असतं. बघून उतरवतील, आठवणार नाहीत."

"मग सकाळी परिपाठानंतर घेऊ. रात्र मध्ये गेलेली असेल."

यावर तिच्याकडे चटकन उत्तर नसतं. पण सकाळी दहा मिनिटं गेली की भाषेची तासिका आखडते, आणि सोमवारी भाषेचा पाठ तिचाच आहे. पाठ टाचणात तिने गटवाचन घातलंय. त्यातली दहा मिनिटं द्यायला ती तयार नाही. शेवटी ठरतं ते एवढंच की येत्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला घरी, अर्ध्याला सकाळी. 364 वाल्या मुलाला कुठल्या अर्ध्यात घालायचं, यावर पुन्हा जुंपते.