‘ही शेवटची मॅच’ म्हणता म्हणता रात्रीचे बारा का वाजतात?

‘आई, ही मॅच संपली की झोपतो.’ दहावी-अकरावीतला मुलगा असलेल्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा मुलगा खोटं बोलत नसतो. अडचण खेळाच्या रचनेत आहे.

बीजीएमआयचंच उदाहरण घ्या. क्लासिक मॅचमध्ये १०० खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर साधारण अर्धा तास जातो. मॅच सगळ्यांची एकदमच चालू असते, त्यामुळे ती मध्येच थांबवता येत नाही. त्यात स्क्वॉड चौघांचा. एक उठला की उरलेले तिघं अडकतात, आणि हे तिघं बहुतेकदा वर्गातलेच मित्र असतात. म्हणजे आईने ‘फोन ठेव’ म्हटलं की मुलाला ऐकू येतं, ‘मित्रांना सोडून जा’. भांडण तिथेच पेटतं.

आता समजा, मनोरीतला अकरावीचा एक मुलगा आहे. सकाळच्या कॉलेजसाठी मार्व्याला जाणारी फेरीबोट गाठायची, म्हणून तो साडेपाचला उठतो. रात्री दहाला त्याने खेळ सुरू केला. तीन मॅच आणि मधली थांबाथांब धरून पावणेबारा झाले. डोकं तापलेलं, लगेच झोप कुठली? सव्वाबाराला डोळा लागला तर झोप झाली सव्वापाच तास. या वयात ८ ते १० तास लागतात.

त्यातच पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ आपोआप तास-दोन तास पुढे सरकतं. रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई केली की ते आणखी सरकतं आणि त्या रात्री पुन्हा झोप लागत नाही. अभ्यासाचं नुकसानही इथेच जास्त होतं. पुस्तकासमोर दोन तास बसला तरी वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत.

मे २०२३ मध्ये बीजीएमआय भारतात परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आली. पण घरातल्या मोठ्यांच्या खात्यावरून खेळलं की ती लागूच होत नाही. शिवाय हे तीन तास रात्रीचेही असू शकतात. चीनने २०२१ मध्ये तासांसोबत वेळही ठरवून दिली: शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९.

घरात नियम करायचा तर ‘दहाला फोन बंद’पेक्षा ‘साडेनऊनंतर नवी मॅच नाही’ हा जास्त टिकतो, कारण चालू मॅच तोडावी लागत नाही. चारही घरांनी तो एकदम लावला तर कुणालाच मित्रांना सोडून उठावं लागत नाही.

मग व्यसन कधी म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटना तास मोजत नाही. खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच आहे आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तर तो आजार. तसं दिसलं तर फोन हिसकावण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं.