शुगर-फ्री मिठाईच्या डब्यावर जुलाबाचा इशारा का छापलेला असतो?

साताऱ्याहून निघताना कंदी पेढे घेणं हा अनेकांचा शिरस्ता आहे. घरात कुणाला मधुमेह असेल तर सोबत शुगर-फ्री मिठाईचाही एक डबा घेतला जातो. सांगलीतल्या दुकानांतही शुगर-फ्री बर्फी, लाडू आणि चॉकलेट दिसतात. अशा काही डब्यांच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ असते: 'पॉलिऑल्स मे हॅव लॅक्सेटिव्ह इफेक्ट्स'. म्हणजे पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात.

ही ओळ उत्पादक हौसेने छापत नाहीत. 'एफएसएसएआय' या देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलिंगच्या नियमांनुसार, पदार्थात १० टक्के किंवा त्याहून जास्त पॉलिऑल्स असतील तर हा इशारा द्यावा लागतो.

पॉलिऑल म्हणजे काय? त्यात दारू असते का?

पॉलिऑल्सना 'शुगर अल्कोहोल' असंही म्हणतात. ऊसपट्ट्यात अल्कोहोल म्हटलं की कारखान्याची डिस्टिलरी आणि मळीपासून बनणारं स्पिरिट आठवतं. इथे त्याचा संबंध नाही. रेणूच्या रचनेवरून रसायनशास्त्रात हे नाव पडलं आहे. त्याने नशा येत नाही.

सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल हे त्यातले मिठाईत जास्त दिसणारे दोन प्रकार. ते बहुधा उसापासून नव्हे, तर मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून बनतात. स्टार्चपासून मिळणाऱ्या ग्लुकोजला हायड्रोजन जोडला की सॉर्बिटॉल तयार होतं आणि माल्टोजला जोडला की माल्टिटॉल. सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या साधारण ६० टक्के असते, तर माल्टिटॉलची ९० टक्क्यांच्या आसपास.

मग सुक्रॅलोजच का वापरत नाहीत?

चहात टाकायच्या गोळीतलं सुक्रॅलोज साखरेच्या कित्येक पट गोड असतं, त्यामुळे ते चिमूटभरही लागत नाही. पण बर्फीत किंवा चॉकलेटमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पदार्थाला वजन देते, वडी धरून ठेवते आणि ओलावा टिकवते. साखर काढली की ती जागा भरायला तितकंच काहीतरी लागतं. ते काम माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल करतात. म्हणून ते मिलिग्रॅममध्ये नाही, तर ग्रॅममध्ये पोटात जातात. खरी अडचण या प्रमाणाची आहे.

पोटात नेमकं काय होतं?

साखर लहान आतड्यात पटकन फुटते आणि रक्तात जाते. सॉर्बिटॉल शोषून घेण्यासाठी आतड्यात तशी वेगवान सोय नाही. ते हळूहळू झिरपतं आणि बरंचसं आतड्यातच राहतं. मीठ लावलेल्या काकडीला जसं पाणी सुटतं, तसं हे उरलेलं सॉर्बिटॉल पाणी आतड्यात ओढून धरतं. त्यामुळे मल पातळ होतो.

उरलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. पोट गुडगुडणं, फुगणं आणि कळा येणं यामागे हे कारण असतं.

माल्टिटॉल तुलनेने सौम्य असतं. ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल जोडून त्याचा रेणू बनलेला असतो. आतड्यातली विकरं तो सावकाश तोडतात आणि त्यातला काही भाग शोषला जातो. शिवाय रेणू मोठा असल्यामुळे तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या कमी असते, म्हणून पाणीही कमी ओढलं जातं.

सॉर्बिटॉलचा हाच गुण औषध म्हणूनही वापरतात. बद्धकोष्ठतेवर त्याचं द्रावण दिलं जातं.

किती खाल्लं तर त्रास होतो?

प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी असते. तरी ढोबळमानाने बोलायचं तर सॉर्बिटॉल १० ग्रॅमच्या आसपास गेलं की अनेकांना गॅस होतो आणि २० ग्रॅमनंतर कळा व जुलाब होऊ शकतात. माल्टिटॉलची ही मर्यादा बऱ्याच प्रौढांमध्ये ३० ते ४० ग्रॅमच्या दरम्यान असते. लहान मुलांना याहून कमी पुरतं. रिकाम्या पोटी त्रास जास्त होतो, जेवणासोबत कमी.

एक उदाहरण घेऊ. समजा, डब्यावर १०० ग्रॅममागे ४० ग्रॅम पॉलिऑल्स लिहिले आहेत आणि एक वडी २० ग्रॅमची आहे. म्हणजे एका वडीत ८ ग्रॅम. ते माल्टिटॉल असेल तर दोन वड्या बहुतेकांना चालतील, पण पाच वड्यांत आकडा ४० वर जातो. ते सॉर्बिटॉल असेल तर दोन वड्यांतच १६ ग्रॅम होतात. 'शुगर-फ्रीच आहे, घ्या आणखी' हा आग्रह नेमका इथे नडतो.

याचं टोकाचं उदाहरण २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं होतं. जर्मनीतल्या दोन रुग्णांना बरेच महिने जुलाब होत होते. एकाचं वजन ११ किलोने घटलं होतं, दुसऱ्याचं २२ किलोने. दोघंही रोज भरपूर शुगर-फ्री च्युइंगम खात होते आणि त्यांच्या पोटात रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम सॉर्बिटॉल जात होतं. ते बंद केल्यावर जुलाब थांबले.

मधुमेही रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही काहींचं पोट बिघडतं. त्यामुळे दोष गोळीला दिला जातो आणि ती परस्पर बंद केली जाते. तसं करण्याआधी दोन-तीन दिवस शुगर-फ्री पदार्थ थांबवून पाहा. पॉलिऑल्सचा त्रास बहुधा खाल्ल्यानंतर काही तासांत सुरू होतो, ताप येत नाही आणि खाणं थांबवलं की तो थांबतो. ताप किंवा शौचातून रक्त असेल, किंवा त्रास थांबत नसेल तर कारण वेगळं असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं म्हणजे माल्टिटॉलने रक्तातली साखर कमी वाढते, पण वाढते. त्याच्या एका ग्रॅममध्ये दोनपेक्षा थोड्या जास्त कॅलरी असतात, साखरेत चार. पेढा खव्याचा असेल तर त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, असतंच. नियमानुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा असेल तर 'शुगर-फ्री' म्हणता येत नाही. त्यामुळे खव्याच्या पेढ्याला 'वरून साखर न घातलेला' म्हणणं जास्त अचूक ठरेल. ज्यांना दूध पचत नाही, त्यांच्या पोटात हे लॅक्टोजही पॉलिऑल्ससारखंच पाणी ओढतं आणि दोन्हींचा परिणाम एकत्र होतो.

लेबलवर काय शोधायचं?

घटकांच्या यादीत नावाऐवजी नुसता आयएनएस क्रमांक असू शकतो. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ म्हणजे माल्टिटॉल. ९६८ असेल तर ते एरिथ्रिटॉल. ते बहुतांश लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून पोटाला कमी त्रास देतं. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. यातला क्रमांक पहिल्या दोन-तीन नावांत आला तर प्रमाण मोठं आहे असं समजा.

ताटातून सुटी मिठाई तोलून घेताना मात्र हे लेबल हातात येत नाही. तेव्हा गोडीसाठी काय घातलंय, हे दुकानदाराला विचारा. उत्तर मिळालं नाही तर एका वडीवर थांबा.